परतीचं तिकीट व्हिसाच्या मुदतीबाहेरचं असेल तर काउंटरवर काय होतं

प्रश्न: १० जानेवारीला बालीला जातोय, परतीचं तिकीट २२ फेब्रुवारीचं आहे. ३० दिवसांचा ई-व्हिसा हातात आहे, तिथे गेल्यावर आणखी ३० दिवस वाढवून घेणार. हॉटेल पहिल्या चार रात्रींचंच बुक केलंय. विमान कंपनी काउंटरवर अडवेल का? प्रिंट लागतेच का? ओळखीचा एक जण म्हणतो, डमी तिकीट काढून ठेव. चालेल का?

उत्तर: अडवण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याचं कारण तुम्हाला वाटतंय ते नाही. हॉटेलवरून कुणी तुम्हाला थांबवणार नाही. प्रिंट नसेल तर थोडी कटकट होईल, एवढंच. अडचण आहे ती २२ फेब्रुवारी या तारखेत. मी बरीच वर्षं चेक-इन काउंटरवर आणि नंतर तिथल्या सुपरवायझरच्या खुर्चीत काढली. ‘व्हिसा आहे, तिकीट आहे, मग अडचण काय’ असं विचारणारे बहुतेक प्रवासी असेच असायचे. दोन्ही कागद खरे, पण एकमेकांशी न जुळणारे.

आधी समोर बसलेला माणूस काय करत असतो ते पाहू. तो इमिग्रेशनचा अधिकारी नाही. तुम्हाला इंडोनेशियात घ्यायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही आणि त्यात त्याला रसही नाही. तो एवढंच बघतो की तुम्ही तिथून परत पाठवले जाल का. कारण परत पाठवले गेलात तर ते काम विमान कंपनीच्या गळ्यात पडतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराचं नववं परिशिष्ट सांगतं की प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला ज्या कंपनीने आणलं तिनेच परत न्यायचं. त्यावर दंड वेगळा. ब्रिटनमध्ये कागद अपुरे असलेल्या दर प्रवाशामागे २,००० पौंड आकारले जातात, शेंगेन देशांतही ही रक्कम काही हजार युरोंत असते. म्हणून काउंटरवरचा माणूस शंका आली की ‘हो’पेक्षा ‘नाही’ म्हणणं पसंत करतो. चुकीच्या ‘नाही’ची किंमत एक वैतागलेला प्रवासी एवढीच, चुकीचा ‘हो’ मात्र त्याच्या नावावर अहवाल होऊन येतो.

हे ठरवायला त्याच्याकडे टिमॅटिक असतं. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची ही नियमावली पूर्वी छापील पुस्तकात यायची, आता ती बहुतेक कंपन्यांच्या चेक-इन प्रणालीत जोडलेली असते. तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, कुठे जाणार, वाटेत कुठे उतरणार, किती दिवस राहणार, हे त्यात गेलं की पडद्यावर अटी येतात. इंडोनेशियाच्या बाबतीत पर्यटकासाठी ठळक अटी अशा: पोहोचण्याच्या दिवसापासून सहा महिने चालेल असा पासपोर्ट, योग्य व्हिसा, आणि परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं तिकीट. आता तुमच्या बाबतीत तो काय वाचतो ते बघा. व्हिसा ३० दिवसांचा. तिकीट बाहेर पडतंय ४४ व्या दिवशी. म्हणजे त्याच्या हिशेबाने तुमच्याकडे परवानगीच्या मुदतीत देश सोडण्याचा कोणताही पुरावा नाही, आणि मुदतीबाहेर राहण्याचा बेत मात्र छापील स्वरूपात आहे.

दिवस मोजताना एक घोळ नेहमी होतो. इंडोनेशियात पोहोचण्याचा दिवस हाच पहिला दिवस धरतात. १० जानेवारी हा पहिला, तर ३१ जानेवारी बाविसावा आणि ८ फेब्रुवारी तिसावा. लोक १० मध्ये ३० मिळवून ९ फेब्रुवारीचं तिकीट काढतात आणि एक दिवस जास्त राहतात. तिथे जास्तीच्या दर दिवसाला दहा लाख रुपिया दंड आहे. मध्यरात्रीच्या आसपासच्या विमानांत तर हे हमखास चुकतं. ९ तारखेच्या रात्री निघालेलं विमान १० तारखेला पहाटे उतरलं तर मोजणी १० पासून. उलट वेळापत्रकात २३:५० ला उतरणारं विमान प्रत्यक्षात उशिरा आलं, तर शिक्का ज्या तारखेचा तीच धरायची. बोर्डिंग पासवरची तारीख इथे कामाची नाही.

‘पण मी मुदत वाढवणार आहे’ हे तुमचं म्हणणं खरं आहे. तुमच्याकडे जो आहे तो पडद्यावर B1 नावाने दिसणारा, पोहोचल्यावर मिळणाऱ्या व्हिसाचा ऑनलाइन प्रकार, आणि तो एकदा ३० दिवसांनी वाढवता येतो. काउंटरला मात्र याचा उपयोग नाही. मुदतवाढ हा तिथे गेल्यावर करायचा अर्ज आहे. तो मंजूर होईलही, बहुधा होईलच, पण १० जानेवारीला तुमच्या हातात असते ती ३० दिवसांचीच परवानगी. समजूतदार सुपरवायझर भेटला तर मुदतवाढीचा नियम बघून सोडूनही देतो. मी अशा लोकांना सोडलेलं आहे आणि माझ्याच सहकाऱ्यांनी तशाच लोकांना थांबवलेलं आहे. समोर कोण बसलंय यावर सहा आठवड्यांचा प्रवास टांगून ठेवण्यात शहाणपण नाही.

यातून बाहेर पडायचे रस्ते तीन. माझी पसंती ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने सांगतो.

पहिला आणि सगळ्यात स्वच्छ रस्ता म्हणजे व्हिसाच बदलायचा. इंडोनेशियाचा C1 हा पर्यटन व्हिसा एका प्रवेशाला ६० दिवसांचा असतो. तोही evisa.imigrasi.go.id या सरकारी साइटवरूनच मिळतो. अर्जाला कागद थोडे जास्त लागतात आणि मंजुरीला दिवसही जास्त जातात, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात याच्या मागे लागू नका. पण तो मिळाला की २२ फेब्रुवारीचं तिकीट आपोआप मुदतीत बसतं आणि काउंटरवर कुठलाही युक्तिवाद करावा लागत नाही. शिवाय सुट्टीच्या मधोमध इमिग्रेशन कार्यालयात खेटे घालणंही वाचतं. आधीच्या ई-व्हिसाचे पैसे परत मिळतील असं मात्र धरू नका.

दुसरा रस्ता, परतीची तारीख ८ फेब्रुवारी किंवा त्याआधीची करून घ्यायची आणि तिथे मुदतवाढ मिळाल्यावर पुन्हा पुढे ढकलायची. तुमच्या तिकिटाच्या भाडे-नियमांत बदल करायला परवानगी असेल तरच हे परवडतं. ‘बदल शुल्क नाही’ असं लिहिलं असलं तरी भाड्यातला फरक भरावा लागतो, आणि दोनदा बदलायचं म्हणजे फरकही दोनदा. बदल केल्यावर नवीन ई-तिकीट आलं आहे ना हे बघा. कॉल सेंटरने ‘झालं’ म्हटलं, आरक्षण बदललं, पण तिकीट पुन्हा जारी झालंच नाही, असे प्रवासी काउंटरवर येतात आणि त्यांना परतीचंच काय, जाण्याचं विमानही चुकायची वेळ येते.

तिसरा रस्ता, २२ फेब्रुवारीचं तिकीट तसंच ठेवून ८ फेब्रुवारीच्या आत इंडोनेशियाबाहेर नेणारं एक वेगळं तिकीट काढायचं. सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, कुठलंही. हे चालतं, कारण अट ‘परतीचं किंवा पुढचं’ अशी आहे, मायदेशाचंच तिकीट हवं असं नाही. पण ज्या देशाचं तिकीट काढाल तिथे तुम्हाला प्रवेश मिळण्यासारखा असला पाहिजे. तुमच्या पासपोर्टला त्या देशाचा व्हिसा लागत असेल आणि तो नसेल, तर ते तिकीट काउंटरच्या दृष्टीने कोरा कागद आहे, कारण त्या विमानातही तुम्हाला कुणी चढू देणार नाही. पुढचं तिकीट दाखवलं की पुढच्या देशाचे कागदही विचारले जातात, हे बहुतेकांच्या गावीच नसतं. एक जोडपं असंच स्वस्त तिकीट काढून आलं होतं, व्हिसा लागणाऱ्या देशाचं. तिकीट अस्सल, पैसे भरलेले, आणि तरीही उपयोग शून्य. रांगेतून बाहेर काढून त्यांना फोनवरच दुसऱ्या देशाचं तिकीट काढायला लावलं तेव्हा कुठे गेले.

आता डमी तिकिटाबद्दल. या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे एजंटने खऱ्या विमानात केलेलं, पण पैसे न भरलेलं आरक्षण. त्याला सहा अक्षर-अंकांचा पीएनआर मिळतो आणि काही तास ते एखाद-दोन दिवस तो साइटवर दिसतोही. दुसरी म्हणजे निव्वळ बनवलेली पीडीएफ. दुसरीबद्दल बोलायलाच नको, तो बनावट कागद आहे आणि काउंटरवरून सुटलात तरी इमिग्रेशनसमोर तोच हातात राहतो.

पहिल्या प्रकाराची गंमत अशी की पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. पैसे भरून तिकीट निघालं की त्याला तेरा अंकी क्रमांक मिळतो, त्यातले पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात. मोठ्या कंपन्यांच्या ई-तिकिटावर हा क्रमांक ठळक असतो. काही स्वस्त विमान कंपन्या तेरा अंकी क्रमांक देतच नाहीत, तिथे आरक्षणावर पैसे भरल्याची नोंद बघतात. मला शंका आली की मी प्रवाशाच्या कागदाकडे न बघता त्या कंपनीची साइट उघडून पीएनआर आणि आडनाव टाकायचो. अर्ध्या मिनिटात कळतं: ‘पेमेंट बाकी’, किंवा ‘आरक्षण सापडत नाही’. न भरलेलं आरक्षण ठरावीक वेळेनंतर प्रणाली आपणहून काढून टाकते. काल रात्री दिसणारा पीएनआर आज पहाटे काउंटरवर गायब असतो तो त्यामुळे. सगळेच कर्मचारी एवढं तपासत नाहीत हे खरं. कित्येक जण नुसता कागद बघून पुढे सरकतात, आणि म्हणून ‘माझं तर चाललं’ सांगणारे तुम्हाला भरपूर भेटतील.

त्यापेक्षा पैसे परत मिळणारं खरं तिकीट काढा. काढताना ‘परतावा’ रोख मिळणार की कंपनीच्या खात्यात क्रेडिट म्हणून, रद्द करायचं शुल्क किती, हे भाडे-नियमांत वाचा. आणि ते रद्द करायचं तर तुमची मुदतवाढ मंजूर झाल्यावर. विमानात बसल्या बसल्या रद्द करणारे महाभाग असतात. उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीवर तेच तिकीट पुन्हा मागितलं जाऊ शकतं, हे ते विसरतात.

प्रिंटचा प्रश्न सोपा आहे, पण आधी एक फरक समजून घ्या. ई-व्हिसा दोन तऱ्हेचे असतात. एका प्रकारात तुम्हाला कागद मिळतो, पीडीएफ, त्यावर क्यूआर कोड, आणि तो कागदच दाखवायचा असतो. इंडोनेशियाचा असा आहे. दुसऱ्या प्रकारात व्हिसा म्हणजे त्या देशाच्या संगणकात तुमच्या पासपोर्ट क्रमांकाला जोडलेली एक नोंद. ऑस्ट्रेलियाचे व्हिसा असे असतात, अमेरिकेची एस्टा ही व्हिसा न लागणाऱ्यांसाठीची ऑनलाइन परवानगीही तशीच. तिथे पासपोर्ट यंत्रातून फिरवला की त्या सरकारच्या प्रणालीकडून ‘चढू द्या’ किंवा ‘चढू देऊ नका’ असं उत्तर येतं. तुम्ही किती सुंदर रंगीत प्रिंट आणली याने त्यात काही फरक पडत नाही. या दुसऱ्या प्रकारात घात होतो तो पासपोर्ट बदलल्यावर. नोंद जुन्या क्रमांकाला चिकटलेली आणि हातात नवा पासपोर्ट.

तुमच्या पहिल्या प्रकारात प्रिंट घ्या असंच मी सांगेन. फोनवरची पीडीएफही बहुतेक चालते, पण काउंटरवर कर्मचाऱ्याला तुमचा फोन हातात घेऊन चिमटीने मोठं करत पासपोर्टशी ताडून बघावं लागतं. मध्येच फोन येतो, पडदा विझतो, तो पुन्हा तुमच्याकडे देतो. कागद असला की तो पासपोर्टशेजारी ठेवून एका नजरेत चार गोष्टी जुळवता येतात: पासपोर्ट क्रमांक, नाव, जन्मतारीख, आणि व्हिसा कधीपर्यंत वापरायचा ती तारीख. शेवटची तारीख आणि राहण्याची मुदत यांत गल्लत करू नका. तुमचा ई-व्हिसा जारी झाल्यापासून ९० दिवसांत प्रवेश करायला चालतो, आणि प्रवेश केल्यावर ३० दिवस राहता येतं. कागदावर ९० दिवसांनंतरची तारीख दिसते म्हणून तितके दिवस राहता येतं असं समजून तिकीट काढलेले लोकही मी पाहिलेत.

या चारांपैकी पासपोर्ट क्रमांक चुकला असेल तर व्हिसा नाहीच असं समजा. नावात मधलं नाव पुढे-मागे झालं तर बहुधा खपतं, क्रमांकात एक अक्षरही खपत नाही. घरी तपासायची पद्धत सांगतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीच्या नऊ जागा पासपोर्ट क्रमांकाच्या. क्रमांक आठच अक्षरांचा असेल तर नवव्या जागी < अशी खूण येते. दहाव्या जागी जो अंक आहे तो तपासणीचा अंक, तो क्रमांकाचा भाग नाही. त्या ओळीतून क्रमांक उतरवताना हा जादाचा अंक अर्जात घुसतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे इंग्रजी O आणि शून्य, I आणि एक. ही चूक निघाली तर काउंटरवर काहीच दुरुस्त होत नाही, नवा अर्ज करावा लागतो. म्हणून हे आजच बघा.

आणि हातात आहे तो व्हिसाच आहे ना, तेही. अर्ज पोहोचल्याची पोच किंवा पैसे भरल्याची पावती छापून आणणारे कमी नसतात, विशेषतः सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या मध्यस्थ साइटवरून अर्ज केलेले. मंजूर व्हिसावर व्हिसाचा क्रमांक, प्रकार, किती दिवस राहता येईल आणि कधीपर्यंत प्रवेश करायचा हे सगळं असतं. यातलं काही नसेल तर तो व्हिसा नाही.

हॉटेलचं थोडक्यात. विमान कंपनी पूर्ण मुक्कामाचं बुकिंग सहसा बघत नाही. तिला फार तर पहिल्या मुक्कामाचा पत्ता लागतो, तोही काही देशांच्या बाबतीत. अमेरिकेला जाताना पहिल्या रात्रीचा पत्ता आधी कळवावाच लागतो. ऑनलाइन भरायच्या आगमन-फॉर्मातही एक पत्ता विचारतात. चार रात्री पुरेत. बुकिंगवर तुमचं नाव असू द्या. मित्राच्या नावावर खोली असेल तर त्याला तुमचं नाव जोडायला सांगा. इमिग्रेशन अधिकारी पुढचं विचारू शकतो, तेव्हा ‘पुढचं ठरवलं नाही’पेक्षा कुठल्या गावी किती दिवस एवढं तरी सांगता आलेलं बरं.

वेब चेक-इन झालं, बोर्डिंग पास फोनवर आला, म्हणजे कागद तपासून झाले असं नाही. हातातली बॅगच असली तरी काउंटरवर जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा दाखवा आणि कागदपत्रं पाहिल्याची नोंद करून घ्या. नाहीतर गेटवर नाव पुकारतात, आणि तिथे तारखेचा वाद सोडवायला वेळही नसतो आणि सुपरवायझरही जवळ नसतो. वाटेत दुसऱ्या कंपनीचं विमान असेल तर तीही नव्याने तपासते. पहिलीने सोडलं हे तिच्यावर बंधनकारक नाही.

काउंटर उघडताच पोहोचा. लांब पल्ल्याला ते साधारण निघण्याच्या तीन तास आधी उघडतं आणि तासभर आधी बंद होतं. मधल्या दोन तासांत तिकीट बदलता येतं, नवं काढता येतं, सुपरवायझरला बोलावता येतं. शेवटच्या वीस मिनिटांत यातलं काहीच होत नाही. अडवलंच तर आवाज न चढवता म्हणा, ‘टिमॅटिकमधली कुठली अट पूर्ण होत नाही ते वाचून दाखवाल का?’ चांगला कर्मचारी पडदा वळवून दाखवतो, आणि मग काय कमी आहे ते नेमकं कळतं. कधीकधी त्यानेच राहण्याचे दिवस चुकीचे टाकलेले असतात आणि ते तिथल्या तिथे सुटतं. नुकसानभरपाईच्या भरवशावर वाद घालू नका. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा प्रवाशांच्या बाजूचा नियमसुद्धा अपुऱ्या कागदपत्रांमुळे नाकारलेल्या प्रवाशाला भरपाईतून वगळतो.

तुमच्या जागी मी असतो तर आज C1 चा अर्ज किती दिवसांत मंजूर होतोय ते बघितलं असतं. १० जानेवारीच्या आत बसत असेल तर तोच. बसत नसेल तर ८ फेब्रुवारीच्या दोन-तीन दिवस आधीचं, व्हिसाशिवाय जाता येईल अशा देशाचं, परतावा मिळणारं तिकीट, आणि त्याची प्रिंट २२ फेब्रुवारीच्या तिकिटाच्या वर ठेवून काउंटरवर द्यायची. दोन्ही तिकिटं पाहून त्याने विचारलं तर मुदतवाढीचा बेत सरळ सांगा. ८ तारखेच्या आतलं तिकीट समोर असताना त्या उत्तराने काही बिघडत नाही.